एक अक्षर वाचलं की शेजारची कशी कळतात?

आपल्या जनुकसंचात सुमारे 300 कोटी अक्षरं असतात. त्यांतल्या काही जागी काही माणसांकडे एक अक्षर असतं, तर बाकीच्यांकडे दुसरं. अशा जागेला एसएनपी किंवा बोलताना ‘स्निप’ म्हणतात. नेहमी आढळणाऱ्या स्निप जवळपास एक कोटी आहेत, पण आजारांचा जनुकीय माग काढताना वापरल्या जाणाऱ्या चिपवर बहुधा काही लाखच तपासतात. बाकीच्यांबद्दलची बरीचशी माहिती त्यांच्या शेजाऱ्यांकडूनच मिळते.

कुठलाही नवा बदल पहिल्यांदा कुणा एकाच्या एका गुणसूत्रावर घडतो. त्याच्या आजूबाजूला तेव्हा जी अक्षरं असतात, त्यांच्या सोबतीनंच तो पुढच्या पिढीत जातो. बीजपेशी तयार होताना आईकडचं आणि वडिलांकडचं गुणसूत्र आपसात तुकडे बदलतात, तेव्हा ही सोबत तुटू शकते. पण दहा हजार अक्षरांच्या अंतरावरच्या दोन स्निपच्या मधोमध अशी तूट एका पिढीत सरासरी दहा हजारांत एकदाच पडते. या हिशेबानं हजार पिढ्यांनंतरही सुमारे 90 टक्के सोबत शिल्लक राहते. अशा टिकून राहिलेल्या सोबतीलाच लिंकेज डिसइक्विलिब्रियम हे अवघड नाव आहे.

त्यातही या तुटी सगळीकडे सारख्या पडत नाहीत. माणसात त्या बहुतेक करून हजार-दोन हजार अक्षरांच्या ठरावीक पट्ट्यांत होतात, आणि पीआरडीएम९ नावाचं प्रथिन त्या जागा हेरतं. दोन पट्ट्यांमधला भाग त्यामुळे बराचसा अखंड वारशानं येतो. हाच हॅप्लोटाइप ब्लॉक. एखाद्या ब्लॉकमध्ये तीस स्निप असल्या तर कागदावर अब्जाहून जास्त जुळण्या शक्य आहेत, पण लोकसंख्येत नेहमी दिसतात त्या मोजक्या चार-पाच. म्हणून नीट निवडलेल्या दोन-तीन स्निप वाचल्या की कोणती जुळणी आहे ते कळतं. याच टॅग स्निप.

सोबत किती पक्की आहे, हे r² या आकड्यानं मोजतात. समजा, आपण 100 गुणसूत्रं पाहिली. पहिल्या जागी 40 गुणसूत्रांवर ‘ए’ आहे, दुसऱ्या जागी 40 वर ‘टी’. दोघांचा काहीच संबंध नसता, तर ते एकत्र 16 गुणसूत्रांवर दिसले असते. प्रत्यक्षात ते 38 वर एकत्र आहेत. प्रत्यक्ष आणि अपेक्षित वाट्यांतला फरक म्हणजे D, आणि ते अक्षर नसलेल्या गुणसूत्रांचा वाटा 0.6. आता गणित असं:

```
D  = 0.38 − 0.40 × 0.40 = 0.22
r² = 0.22² / (0.4 × 0.6 × 0.4 × 0.6) = 0.84
```

टॅग निवडताना r² निदान 0.8 असावा असा प्रघात आहे, म्हणजे ही जोडी चालेल.

आता ‘टी’ दुर्मीळ आहे असं धरू. तो फक्त 10 गुणसूत्रांवर आहे आणि त्या दहाही गुणसूत्रांवर ‘ए’ आहेच. त्यांची फारकत एकदाही झालेली नाही, तरी r² भरतो जेमतेम 0.17. कारण सरळ आहे: ‘ए’ असलेल्या 40 पैकी 30 गुणसूत्रांवर ‘टी’ नाही, त्यामुळे ‘ए’ दिसला म्हणून ‘टी’ असेलच असं सांगता येत नाही. अशा टॅगवरून ‘टी’चा परिणाम पकडायचा तर साधारण सहापट माणसं तपासावी लागतात. दुर्मीळ बदल नेहमीच्या चिपमधून निसटतात ते मुख्यतः यामुळे.

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. 2007 मध्ये एफटीओ जनुकातली rs9939609 ही स्निप वजनाशी जोडलेली आढळली. युरोपीय वंशाच्या प्रौढांमध्ये तिच्या दोन्ही प्रती ‘ए’ असलेल्यांचं वजन, एकही ‘ए’ नसलेल्यांपेक्षा सरासरी 3 किलो जास्त भरलं. पण त्याच ब्लॉकमध्ये सोबतीनं फिरणाऱ्या इतर अनेक स्निप होत्या आणि प्रत्येकीकडून तोच संकेत मिळत होता. युरोपीयांमधला कितीही मोठा नमुना घेतला तरी जवळपास नेहमी एकत्र येणाऱ्या अक्षरांना वेगळं करणं महाकठीण.

आफ्रिकेतली लोकसंख्या जुनी, तिथे तुकड्यांची अदलाबदल जास्त पिढ्या चाललेली, म्हणून ब्लॉकही आखूड. तिथे rs9939609 चं ‘ए’ भरपूर आढळतं, पण शेजारच्या rs1421085 चं ‘सी’ विरळाच. म्हणजे युरोपात एकमेकींची जागा घेणाऱ्या या दोन स्निप आफ्रिकेत तशा चालत नाहीत. पहिलीचा वजनाशी संबंधही तिथे कमकुवत दिसतो.

2015 मध्ये पेशींवर प्रयोग झाले तेव्हा बोट rs1421085 कडे गेलं. तिथे ‘टी’च्या जागी ‘सी’ आलं की एका आवर घालणाऱ्या प्रथिनाची पकड सुटते आणि चरबीच्या पूर्वपेशींमध्ये आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ ही जनुकं जास्त चालू होतात. आयआरएक्स३ तिथून सुमारे पाच लाख अक्षरं दूर आहे. आठ वर्षं सगळीकडे नाव घेतलं जात होतं ते मात्र एफटीओचं.