वीस सेकंदांत स्नायूत काय भरतं?

‘मसल्सला शॉक द्यायला पाहिजे’ हे वाक्य मुंबईतल्या कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी तासभर थांबलात तर एकदा तरी कानावर पडेल. त्यानंतर ट्रेनर डंबेल्सची रांग मांडतो आणि ‘ड्रॉप सेट मार’ म्हणून सांगतो, म्हणजे थकलात की वजन उतरवत न थांबता पुढे उचलत राहायचं. रील्समध्ये तर प्रत्येक व्यायामाचा शेवट ड्रॉप सेटनेच होतो, कारण दंड फुगलेला दिसतो आणि चेहरा वेडावाकडा होतो. स्नायूला मात्र शॉक बसत नाही. त्याला आश्चर्य वाटत नाही, कंटाळाही येत नाही. त्याच्यावर ताण येतो आणि तो त्या ताणाला प्रतिसाद देतो, एवढाच व्यवहार आहे. ड्रॉप सेट, आणि सेटच्या मध्ये काही सेकंद थांबायला लावणारे रेस्ट-पॉज आणि क्लस्टर सेट, या तीन युक्त्यांचं कोडं सुटतं ते फॉस्फोक्रिएटिन नावाच्या एका रसायनाकडे पाहिल्यावर. त्याचा उल्लेख जिममध्ये क्वचितच होतो.

आधी साधा सेट पाहू, म्हणजे एका दमात सलग केलेल्या उचली. स्नायूतले तंतू गटागटाने कामाला लागतात आणि प्रत्येक गट एका मज्जापेशीच्या हुकमात असतो. लहान गट आधी जागे होतात, मोठे नंतर. एलवूड हेनेमन यांनी 1950 आणि 60च्या दशकांत हा क्रम दाखवून दिला. दहा किलोचा डंबेल बारा वेळा उचलताना पहिल्या काही उचली लहान आणि मधल्या गटांवरच भागतात. ते दमले की मेंदू मोठ्या गटांना बोलावतो. शेवटच्या चार-पाच उचलींमध्ये जवळजवळ सगळे गट कामावर असतात आणि जोर लावूनही वजन हळूहळू वर सरकतं. स्नायू जितका हळू आखडतो तितका प्रत्येक तंतूवर जास्त ताण येतो. आकार वाढवायला हा ताण लागतो. म्हणून सेटमधल्या शेवटच्या पाचेक उचली ‘कामाच्या’ असा एक ढोबळ हिशोब मांडला जातो. तो काटेकोर नियम नाही. शेवटून सहावी उचल वाया गेली असं कुणीही सिद्ध केलेलं नाही. पण विचार करायला हा हिशोब उपयोगी पडतो, म्हणून पुढे तोच वापरतो.

आता फॉस्फोक्रिएटिन. स्नायू आखडतो तो एटीपी या पेशीला ऊर्जा देणाऱ्या रसायनाच्या जोरावर, पण स्नायूत एटीपीचा साठा काही सेकंद पुरेल इतकाच असतो. तो संपायच्या आत पुन्हा भरून देण्याचं सगळ्यात जलद काम फॉस्फोक्रिएटिन करतं. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी समजा. सेट सुरू झाला की नळ पूर्ण सोडला आणि टाकी भराभर उतरली. ती भरणारा पंप म्हणजे पेशीतली मायटोकाँड्रिया, आणि पंपाला ऑक्सिजन लागतो, म्हणजेच वाहतं रक्त लागतं. इथे एक गंमत आहे. जोरात आखडलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो, त्यामुळे नळ चालू असताना पंप जवळजवळ बंदच असतो.

1976 साली रॉजर हॅरिस, एरिक हुल्टमन आणि सहकाऱ्यांनी व्यायामानंतर मांडीच्या स्नायूचे सुईने बारीक तुकडे काढून हे मोजलं. विश्रांती मिळताच फॉस्फोक्रिएटिन दोन टप्प्यांत भरून येतं: पहिला टप्पा झपाट्याचा, ज्यात साधारण वीस सेकंदांत निम्मी भरपाई होते, आणि दुसरा रेंगाळणारा, ज्याला काही मिनिटं लागतात. मांडीला पट्टा आवळून रक्तप्रवाह थांबवला तेव्हा भरपाई झालीच नाही. माझ्या मते जिमच्या दृष्टीने या संशोधनातली हीच सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. वीस सेकंदांची विश्रांती घेताना डंबेल हातात लटकवून ठेवला, किंवा बार खांद्यावर घेऊन उभे राहिलात, तर स्नायू आखडलेलाच राहतो, रक्त नीट वाहत नाही आणि घड्याळात वीस सेकंद गेले तरी टाकी फारशी भरत नाही. वजन खाली ठेवायचं, हात सैल सोडायचा.

टाकी निम्मी भरली तरी निम्मा सेट मारता येत नाही, कारण सेटमध्ये साठलेली आम्लता ओसरायला वीस सेकंदांपेक्षा बराच जास्त वेळ लागतो, आणि तीच आम्लता टाकी भरण्याचा वेगही कमी करते. (दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं मात्र या आम्लतेमुळे नसतं. सेटमध्ये आम्लतेबरोबर वाढलेलं लॅक्टेटही तासाभरात उतरतं.)

तिन्ही युक्त्या म्हणजे उतरलेल्या टाकीवरचे तीन वेगळे उपाय आहेत. ड्रॉप सेटमध्ये नळाची धार कमी करतात: दहा किलोने थकलात की लगेच साडेसात, मग पाच. टाकी रिकामीच असते, पण मागणी उतरल्यामुळे काम चालू राहतं आणि बहुतेक गट जागेच राहतात. रेस्ट-पॉजमध्ये वजन तेच ठेवून पंधरा-वीस सेकंद नळ बंद करतात, मिळालेल्या भरपाईवर तीन-चार उचली काढतात आणि पुन्हा थांबतात. क्लस्टरमध्ये टाकी उतरायच्या आधीच नळ बंद करतात. सहा उचलींचा सेट दोन-दोन-दोन असा तोडून मध्ये वीस सेकंद थांबायचं. पहिल्या दोघांत थकवा हवा असतो, तिसऱ्यात तो टाळायचा असतो. तिन्हींना एकाच पंगतीत बसवून ‘अ‍ॅडव्हान्स्ड टेक्निक’ म्हणणं म्हणूनच चूक आहे.

एक उदाहरण घेऊ. परळच्या ऑफिसातून सुटून दादरला जिममध्ये पोचणारी आणि सव्वाआठच्या सुमाराची डोंबिवलीकडची गाडी गाठायची असलेली बाई. हातात चाळीस मिनिटं. प्रेस आणि रोइंग झाल्यावर खांद्यासाठी लॅटरल रेजचे, म्हणजे डंबेल घेऊन हात बाजूंना वर नेण्याचे, तीन सेट उरलेत. दर सेट जवळजवळ थकेपर्यंत मारला तर उचली येतात 12, 10 आणि 9, मध्ये दोन-दोन मिनिटांची विश्रांती. एका उचलीला तीन सेकंद धरले तर एकूण साडेपाच मिनिटं जातात. वरच्या हिशोबाने कामाच्या उचली पंधरा, म्हणजे तीन वेळा पाच.

तिने त्याच वजनाने रेस्ट-पॉज केला तर पहिल्या दमात 12, वीस सेकंद थांबून 4, मग 3, मग 3. एकूण उचली 22, वेळ दोन मिनिटांपेक्षा किंचित जास्त. आता कामाच्या उचली मोजा: पहिल्या दमातल्या शेवटच्या पाच आणि नंतरच्या सगळ्याच, कारण मोठे गट वीस सेकंदांत पुरते सावरलेले नसतात आणि पहिल्या उचलीपासून त्यांना यावं लागतं. पाच अधिक चार अधिक तीन अधिक तीन, म्हणजे पुन्हा पंधराच. गाळल्या त्या नऊ सोप्या उचली आणि विश्रांतीतली तीन मिनिटं.

हा फायदा वेळेचा आहे, वाढीचा नाही. ड्रॉप सेटवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावाही हेच सांगतो: आकारात वाढ साध्या सेट्सइतकीच, वेळ बराच कमी. हे बहुतेक अभ्यास काही आठवड्यांचे आणि मोजक्या माणसांवरचे आहेत, त्यामुळे ‘दुप्पट ग्रोथ’ म्हणणाऱ्याला पुरावा मागावा. याच बाईला शनिवारी निवांत तास मिळत असेल आणि आठवड्याला खांद्याचे पाच-सहाच सेट होत असतील, तर तिने साधे चार सेट वाढवावेत. तिथे रेस्ट-पॉज म्हणजे विनाकारण थकवा. उलट त्या स्नायूचे आठवड्याला दहा-बारा सेट आधीच होत असतील आणि आणखी एक सेट घुसवायचा म्हणजे गाडी चुकवायची, तर शेवटच्या सेटला वीस सेकंदांचे दोन थांबे जोडणं शहाणपणाचं.

मग रोजच, प्रत्येक व्यायामाला का नाही? थकण्याच्या टोकाला जाऊन केलेला सेट भरून यायला जास्त वेळ घेतो, कधीकधी एक-दोन दिवस जास्त, आणि आपण तो तीन-चार वेळा टोकाला नेतोय. म्हणून मी एका स्नायूसाठी दिवसाला एकच, तोही शेवटच्या व्यायामाच्या शेवटच्या सेटला, एवढ्यावर थांबेन. व्यायामही असा निवडायचा की फसलं तर वजन सहज सोडता येईल: लॅटरल रेज, लेग एक्स्टेन्शन, केबल पुशडाऊन. स्क्वॉट आणि डेडलिफ्टला ड्रॉप सेट मारला तर मांडीच्या आधी दम संपतो आणि कंबर वाकू लागते, म्हणजे ज्या स्नायूसाठी खटाटोप केला तो अर्धवटच राहतो. संध्याकाळच्या गर्दीत डंबेलच्या तीन जोड्या अडवून ठेवणाऱ्याला शेजारचे काय म्हणतात तेही लक्षात घ्या. ड्रॉप सेट करायचाच तर पिन सरकवण्याच्या मशीनवर करा.

स्क्वॉटला उपयोगी पडतो तो क्लस्टर, पण हेतू वेगळा. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका स्पॅनिश प्रयोगात आठ आठवडे दोन गटांना स्क्वॉट करायला लावले. एका गटाने बारचा वेग वीस टक्के घसरला की सेट थांबवला, दुसऱ्याने चाळीस टक्के घसरेपर्यंत ओढला. दुसऱ्या गटाच्या मांड्या जास्त वाढल्या, पण जागेवरून सरळ वर मारायच्या उडीत पहिला गट पुढे गेला. क्लस्टर नेमका हाच वेग राखतो. कबड्डीपटू किंवा पॉवरलिफ्टर जड वजन प्रत्येक वेळी नेटकं आणि जोरात उचलू पाहत असेल, तर 2-2-2 त्याच्यासाठी. मधल्या वीस सेकंदांत बार रॅकवर ठेवायचाच. आकार वाढवायला मात्र क्लस्टरचा खास फायदा नाही, आणि रॅक जास्त वेळ अडतो.

रेस्ट-पॉज नीट बसलाय की नाही हे उचलींचे आकडेच सांगतात. 12, 4, 3, 3 ठीक. 12, 2, 1 असं आलं तर वजन जास्त आहे किंवा विश्रांतीत हात सैल सुटत नाहीये. 12, 7, 6 आलं तर पहिला दम लवकर सोडला. खांदे कानाकडे चढू लागले, धड झुलू लागलं, की त्याच उचलीला थांबायचं, आकडा कितीही आलेला असो. आणि पुढच्या खेपेला त्याच वजनाने पहिल्या दमात 12 ऐवजी 9 आल्या, दोन खेपा सलग तसंच झालं, तर आधी झोप आणि जेवण पाहायचं. तिथे काही बिघडलेलं नसेल तर रेस्ट-पॉज दोन आठवडे बंद करून साध्या सेट्सवर परत यायचं, प्रत्येक सेट थकायला दोन उचली बाकी असतानाच सोडून.