शोकातली धास्ती

घरातले माणूस गेल्यानंतर जी बेचैनी आणि उरलेल्यांच्या जिवाची जी भीती मनात घर करते, तिला येथे शोकातली धास्ती म्हटले आहे. बोलीत तिला घालमेल, हुरहुर, जिवाला घोर अशी नावे आहेत. शोक म्हणजे रडणे, अशी सर्वसाधारण समजूत असते. त्यामुळे ज्याला रडू येत नाही, पण एका जागी बसवतही नाही, त्याला आपले काहीतरी बिघडले आहे असे वाटू लागते. बहुतेक वेळा तोही शोकच असतो.

ही गोष्ट वैद्यकात नीट मांडली गेली ती एका दुर्घटनेच्या निमित्ताने. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरात ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइट क्लबला आग लागून ४९२ लोक मरण पावले. त्यातून वाचलेले, मृतांचे नातेवाईक आणि इतर शोकग्रस्त अशा १०१ जणांच्या निरीक्षणांवर मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी १९४४ मध्ये निबंध लिहिला. घसा आवळणे, श्वास अपुरा पडणे, वारंवार उसासे येणे, पोटात पोकळी वाटणे असा त्रास लाटेसारखा येतो आणि वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकतो, असे त्यांनी नोंदवले. शिवाय ही माणसे स्वस्थ बसू शकत नव्हती. सतत काहीतरी करायला उठत, पण हातून काम पुरे होत नसे. यातली बरीच लक्षणे चिंताविकारातही दिसतात, कारण शरीराची धोक्याची यंत्रणा दोन्हीकडे एकच आहे.

ही यंत्रणा शोकात का जागी व्हावी, याचे उत्तर ब्रिटिश मानसतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि कॉलिन मरी पार्क्स यांनी शोधण्याच्या वृत्तीत पाहिले. जत्रेत मूल हरवले तर आई बसून रडत नाही. ती गर्दीत धावते, प्रत्येक चेहरा न्याहाळते. जवळचे माणूस दिसेनासे झाले की शोधायला निघायचे, ही ओढ समजुतीपेक्षा जुनी आहे. मृत्यू झाला हे बुद्धीला कळलेले असते, पण पाय शोधत राहतात. दाराची कडी वाजली की मान वळते, बाजारात पाठमोरा माणूस पाहून काळजात चर्र होते. ही बेचैनी मेलेल्या माणसाकडे तोंड करून असते आणि बहुतेकांत ती काही महिन्यांत हळूहळू ओसरते.

उरलेल्यांना गमावण्याची भीती मात्र पुढे पाहते. मृत्यू अचानक आला असेल तर ती अधिक तीव्र असते, कारण ‘आपल्या घरात असे होत नाही’ हा रोजच्या जगण्याखालचा आधारच निघून गेलेला असतो. ती बहुधा मृत्यू ज्या वाटेने आला त्याच वाटेवर पहारा ठेवते. बातमी रात्रीच्या फोनने आली असेल तर रिंग वाजली की धस्स होते. झोपेत मृत्यू झाला असेल तर शेजारच्याचा श्वास चालू आहे का, हे रात्री उठून पाहिले जाते.

उदाहरणादाखल सांगलीतील एक ४६ वर्षांची स्त्री घेऊ. पती पहाटे चहा घेताना हृदयविकाराच्या झटक्याने गेले. मुलगा पुण्यात नोकरीला, मोटारसायकलवरून जाणारा. तेराव्यापर्यंत घर भरलेले होते, रात्री कोणी ना कोणी शेजारी झोपत होते. पाहुणे पांगल्यावर तिची घालमेल वाढली, आणि हे फार घरांत घडते. ती मुलाला दिवसातून दहा-बारा वेळा फोन करू लागली. त्याने उचलला की जीव भांड्यात पडे, पण अर्ध्या तासात शंका परत येई. न उचलल्यास ती त्याच्या मित्रांना फोन लावी. आठ महिन्यांनीही हे थांबले नव्हते आणि मुलगा फोन टाळू लागला होता, म्हणजे तिची भीती आणखी वाढत होती. शिवाय उजाडेपर्यंत ती स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे.

येथे प्रत्येक फोन तात्पुरता दिलासा देतो आणि त्याचबरोबर ‘मी विचारले म्हणून तो सुखरूप आहे’ असे मनाला शिकवतो. त्यामुळे न विचारता तो सुखरूप राहतो, हे अनुभवायची संधीच मिळत नाही. उपचारात फोन एकदम बंद करत नाहीत. मायलेकांनी मिळून ठरवायचे: कामावर पोहोचल्याचा एक मेसेज आणि रात्री नऊचा एक फोन. मध्ये धास्ती उठली तर वेळ लिहून तिला शून्य ते दहा असा अंक द्यायचा आणि अर्ध्या तासाने पुन्हा द्यायचा. फोन न करताही आकडा खाली येतो, हे वहीत दिसू लागते.

या टप्प्यावर एक गोष्ट घरच्यांना घाबरवते. फोन कमी झाले की रडणे वाढू शकते. हे बिघडणे समजू नये. मुलाच्या काळजीत गुंतलेले मन पतीच्या आठवणीपासून दूर राहिलेले असते आणि पहारा सैलावला की मागे राहिलेला शोक वर येतो. म्हणून उपचाराचा दुसरा अर्धा भाग त्या पहाटेचा असतो: काय घडले ते पुन:पुन्हा सविस्तर सांगणे, आणि पुढे सोबतीने पहाटे त्या स्वयंपाकघरात चहा करणे. एकाच बाजूवर काम केले तर दुसरी बहुधा अडून राहते.

निदानाच्या चौकटी या सरमिसळीला पुरत नाहीत. दीर्घकालीन शोकविकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण किमान सहा महिने, तर अमेरिकन मनोविकार संघटनेची २०२२ ची सुधारित आवृत्ती प्रौढांसाठी किमान बारा महिने मानते. पण त्याचा गाभा गेलेल्या माणसाची अनावर ओढ हा आहे. जिवंत माणसांविषयीची धास्ती प्रौढांमधील विरहचिंता किंवा इतर चिंताविकारात मोडते. एकाच व्यक्तीला दोन्ही असू शकतात. महिन्यांपेक्षा जगणे किती आक्रसले आहे, हे पाहणे मला अधिक उपयोगी वाटते.

छातीत दुखणे मात्र ‘दुःखामुळे होते’ म्हणून सोडू नये. जवळच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या काही दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका खरोखर वाढतो. तेव्हा आधी ईसीजी, आणि धडधड टिकून राहिली तर थायरॉइड व हिमोग्लोबिनची तपासणी. झोपेच्या गोळ्या काही रात्रींपुरत्या दिल्या जातात. त्या महिनोन्‌महिने चालू राहिल्या तर सवय लागते आणि वृद्धांत पडण्याचा धोका वाढतो. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

लहान मुलांत ही भीती चिकटून राहण्याच्या रूपाने दिसते: शाळेला नकार, पोटदुखी, एकटे न झोपणे. ‘आजोबा झोपले’ असे सांगितलेले मूल झोपेलाच घाबरू शकते. ‘आई, तू पण मरशील?’ या प्रश्नाला ‘कधीच नाही’ हे उत्तर टिकत नाही, कारण मुलाने नुकतेच उलटे पाहिलेले असते. ‘मी आत्ता धडधाकट आहे, खूप वर्षं तुझ्याजवळ राहीन असं मला वाटतं. आणि मला काही झालंच, तर मावशी तुला सांभाळेल’ हे त्याला पुरते, कारण मूल बहुधा तेच विचारत असते: मग माझं कोण?