पनीरचा उतारा

ठरावीक वजनाच्या पनीरसाठी किती दूध लागेल, हे लिटरवरून नव्हे तर दुधातल्या घन पदार्थांवरून ठरते. एक लिटर दुधातून जितके पनीर मिळते, त्याला उतारा म्हणतात.

6 टक्के फॅट आणि 9 टक्के एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ, असलेले म्हशीचे दूध घेतले, तर लिटरमागे सुमारे 100 ग्रॅम घन पदार्थ पनीरमध्ये येतात. यात बहुतांश स्निग्धांश आणि प्रथिने असतात. दुधातली साखर मात्र बहुतेक निवळीबरोबर निघून जाते. 3.5 फॅट, 8.5 एसएनएफच्या गाईच्या दुधातून साधारण 70 ग्रॅमच घन पदार्थ मिळतात. पनीरमध्ये 55 टक्के पाणी ठेवले, तर म्हशीच्या दुधाचा उतारा सुमारे 220 ग्रॅम आणि गाईच्या दुधाचा 155 ग्रॅम पडतो.

वजनाची खरी गोम पाण्यात आहे. त्याच 100 ग्रॅम घन पदार्थांत 50 टक्के पाणी राहिले तर पनीर 200 ग्रॅम भरते, 60 टक्के राहिले तर 250. अन्न सुरक्षा नियमांत 60 टक्के हीच कमाल मर्यादा आहे. म्हणून कुणी 'लिटरला पाव किलो' सांगितले, तर ते पनीर ओलसर असणार. कढईत पडताच ते पाणी सोडते आणि आक्रसते.

समजा, लातूरकडच्या एखाद्या लग्नात दीडशे पानांसाठी 10 किलो पनीर हवे आहे. म्हशीच्या दुधाचा हिशेब 10,000 भागिले 220, म्हणजे सुमारे 46 लिटर. फडक्याला चिकटणारे आणि कापताना पडणारे तुकडे धरून 48 लिटर घ्यावे. गाय-म्हैस निम्मे-निम्मे असेल तर उतारा 190च्या आसपास येतो, मग तीच तूट धरून 55 लिटर लागते. गावात संकलनाचे दूध मिश्र असते, तेव्हा पावतीवरचे फॅट-एसएनएफ पाहावे. शंका असेल तर आदल्या दिवशी एक लिटरचे पनीर करून, दाबून, वजन करावे. हाच सर्वांत भरवशाचा आकडा.

दूध 90 अंशांपर्यंत तापवून 70 अंशांवर आणावे. लिटरमागे 2 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड 200 मिली गरम पाण्यात विरघळवून हळूहळू ओतावे. निवळी हिरवट-पिवळी, आरपार दिसली की थांबावे. ती दुधासारखी पांढरट राहिली, तर आम्ल कमी पडले किंवा दूध थंड झाले. माल त्या पाण्याबरोबर वाहून जातो. आम्ल जास्त झाले तर पनीर आंबट लागते आणि चुरा होतो. एप्रिल-मेच्या उन्हात कॅनमधले दूध तापवतानाच फाटू लागले, तर त्याला वरचे आकडे लागू होत नाहीत. गोळा एकसंध न धरता रवाळ होतो आणि उतारा घटतो.