बचत खात्याचे व्याज: पासबुकात न दिसणारी तारीख

सीताबर्डीच्या आमच्या ऑफिसात दर तिमाहीनंतर एकच तक्रार येते: "बँकेने व्याज कमी दिलं, जरा तपासून द्या." बहुतेक वेळा बँकेचा आकडा बरोबर असतो. चूक होते ती व्याजदर बदललेल्या तारखेची. त्या दिवशी खात्यात काही जमा-नावे झालेले नसते, त्यामुळे पासबुकात ती ओळच नसते.

एक उदाहरण घ्या. १ जुलैला शिल्लक ४०,०००. ११ जुलैला २०,००० भरले, २० ऑगस्टला ३५,००० काढले. दर ३ टक्के होता, तो १ ऑगस्टपासून अडीच टक्के झाला. व्याज रोजच्या दिवसअखेरच्या शिलकीवर लागते. म्हणून भरलेला दिवस वाढलेल्या शिलकीत मोजायचा आणि काढलेला दिवस कमी झालेल्या शिलकीत.

१ ते १० जुलै: ४०,००० × १० दिवस = ४,००,०००
११ ते ३१ जुलै: ६०,००० × २१ = १२,६०,०००
१ ते १९ ऑगस्ट: ६०,००० × १९ = ११,४०,०००
२० ऑगस्ट ते ३० सप्टेंबर: २५,००० × ४२ = १०,५०,०००

पासबुक पाहिले तर साठ हजारांचा काळ सलग ४० दिवसांचा दिसतो. तो ३१ जुलैला तोडावाच लागतो. पहिल्या दोन ओळींची बेरीज १६,६०,०००. तिला ३ ने गुणून ३६,५०० ने भागले की १३६.४४ रुपये येतात. पुढच्या दोन ओळींची बेरीज २१,९०,०००. अडीच टक्क्यांनी बरोबर १५० रुपये. एकूण २८६.४४, म्हणजे खात्यात जमा होणार २८६. दरबदल विसरून सगळे ३ टक्क्यांनी काढले तर ३१६.४४ येतात, आणि त्या तीस रुपयांसाठी लोक बँकेत दोन-दोन खेपा घालतात. दोन्ही दरांची सरासरी काढूनही जमत नाही, कारण प्रत्येक दराच्या काळात शिल्लक सारखी नव्हती.

दिवसांची बेरीज आधी करून पाहा: १०+२१+१९+४२ = ९२. जुलै ते सप्टेंबरचे दिवसही ९२. इथे फरक आला तर पुढचे गणित करूच नका.

काही जुने ग्राहक अजून दहा तारखेच्या आत पैसे भरायची धडपड करतात. १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर व्याज देण्याची ती पद्धत १ एप्रिल २०१० पासून बंद झाली. तिच्यात ११ जुलैचे आपले वीस हजार जुलैच्या व्याजात धरलेच नसते.

दरबदलाच्या तारखा हाती आल्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही. काहींना ही अडवणूक वाटते, पण अंदाजाने काढलेला आकडा घेऊन तुम्हाला बँकेच्या काउंटरवर उभे करणे आम्हाला पटत नाही. येताना तिमाहीच्या आदल्या दिवसाच्या शिलकीसह पूर्ण स्टेटमेंट आणा. चेक भरला असेल तर स्लिपवरची नव्हे, स्टेटमेंटवरची जमा तारीख धरा. तारखा मिळत नसतील तर बँकेला द्यायचा अर्ज आम्ही लिहून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. तपासणीनंतर वरच्यासारखा ओळवार तक्ता सहीनिशी देतो. फरक खरोखर निघालाच तर तोच तक्ता अर्जाला जोडता येतो.