संक्षेप की सारांश? कानबाईच्या प्रकरणाचा एक परिच्छेद

प्रकाशक कादंबरीसोबत प्रकरणनिहाय सारांश मागतो आणि बहुतेक जण त्याला संक्षेप पाठवतात. दोन्ही लांबीला सारखेच असतात, म्हणून फरक लक्षात येत नाही. संक्षेपात प्रकरणाचं प्रमाण टिकतं: जिथे लेखक रेंगाळला, तिथे संक्षेपही रेंगाळतो. सारांशात ते प्रमाण मोडावं लागतं.

धुळ्याच्या एका मैत्रिणीच्या कादंबरीतलं नववं प्रकरण घेऊ. सुमारे सहा हजार शब्द. शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं गाव, श्रावणातला कानबाई या खान्देशी देवीचा सण. सुरतेला गेलेले भाऊबंद घरी आलेत. गहू निवडणं, कानबाईच्या नैवेद्याचे रोट, पुरण, गंगाफळाची भाजी, रात्रभर अहिराणी गाणी, सोमवारी विसर्जन. तिने लिहिलेला पहिला परिच्छेद असा होता:

“कानबाईसाठी सगळं कुटुंब जमतं. बायका रोटांची तयारी करतात. धाकटा दीर विलास सुरतेहून येतो. रात्री जागरण होतं. कमलला ट्रंकेत एक कागद सापडतो. मग सगळे विसर्जनाला नदीवर जातात. तिथे विलास तिला जुनी हकिगत सांगतो. घरी आल्यावर कमल एक निर्णय घेते.”

यात चूक एकही नाही, पण हाताला काहीच लागत नाही. कसला कागद? कोणती हकिगत? प्रकरणात कागदाचा प्रसंग जेमतेम दीडशे शब्दांचा, जागरण दोन हजारांचं. लेखिकेने कागद मुद्दाम गाण्यांच्या गर्दीत लपवला होता, आणि कादंबरीत ते शोभतंही. संक्षेपाने लपवणंही इमानाने उतरवून घेतलं. शिवाय ‘एक निर्णय घेते’ ही मलपृष्ठावरची भाषा झाली. तिथे वाचकाला ओढायचं असतं. संपादकाला मात्र गोष्ट उभी राहते का ते तपासायचं असतं, त्याच्यापासून शेवट लपवून काय मिळणार?

वळण कुठलं हे मी एकाच प्रश्नाने शोधतो: या प्रसंगानंतर पात्र आदल्या दिवशीसारखं वागू शकेल का? जागरणानंतर कमल तशीच आहे. कागद पाहिल्यावर नाही. तो तिच्या मृत नवऱ्याच्या शेताचं खरेदीखत आहे, थोरल्या दिराच्या, अण्णाच्या नावावर, आणि त्यावर तिचा अंगठा आहे. कमल तर लग्नाआधीपासून सही करते. नदीवर दुसरं वळण: विलास सांगतो, त्या पैशातूनच तिच्या नवऱ्याच्या आजारपणाचं देणं फेडलं. म्हणजे अण्णाने फसवलंही आणि निभावलंही. तिसरं वळण घरी परतल्यावर.

इथे मी स्वतः चुकलो. रोट म्हणजे नुसता स्थानिक रंग समजून मी तो भाजी-पुरणाबरोबर उडवला. मग तिचा निर्णयच लटका पडला, कारण कमल फक्त एवढंच बोलते: “पुढला साल मना रोट येगळा.” रोट भाऊबंदांनी एकत्र करायचा आणि एकत्र खायचा असतो. तो वेगळा म्हणजे घर वेगळं. खान्देशी माणसाला हे सांगावं लागत नाही, पुण्यातल्या संपादकाला अर्ध्या वाक्यात सांगावं लागतं. गंगाफळ काढलं तर गोष्टीचं काही बिघडत नाही, रोट काढला तर शेवट कोसळतो.

शेवटी परिच्छेद असा झाला:

“कानबाईच्या सणाला भाऊबंद एकत्र आले असताना विधवा कमलला ट्रंकेत नवऱ्याच्या शेताचं खरेदीखत सापडतं. शेत थोरला दीर अण्णा याने घेतलेलं आहे आणि त्यावर तिचा खोटा अंगठा आहे, जरी ती सही करू शकते. ती पोलिसांत जायचं ठरवते, पण विसर्जनाच्या वेळी धाकटा दीर विलास सांगतो, की त्या पैशातूनच तिच्या नवऱ्याच्या उपचारांचं कर्ज फिटलं. म्हणून ती तक्रार करत नाही. तरी फसवणूकही विसरत नाही: कुटुंबाने एकत्र करायचा रोट पुढच्या वर्षी वेगळा करणार, असं सर्वांसमोर जाहीर करून ती घराची वाटणी मागते.”

जोडशब्द पाहा. पहिल्यात वाक्यं नुसती एकाखाली एक आहेत, फार तर ‘मग’. दुसऱ्यात ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरी’. वाक्यांमध्ये फक्त ‘मग’ बसत असेल, तर तुमच्या हातात अजून संक्षेपच आहे. क्रियापदं वर्तमानकाळी ठेवा आणि नावं फक्त घटना हलवणाऱ्यांची. सुरतेहून आलेले बाकीचे पाच जण इथे निनावीच राहिले.

एक अडचण उरते. काही प्रकरणांत कोणीच बदलत नाही, सगळीकडे ‘मग’च बसतं. तिथे ओढूनताणून वळण घालू नये, ते प्रकरण शेजारच्या परिच्छेदात एका वाक्याने सामावून घ्यावं. मैत्रिणीचं दहावं प्रकरण असंच गेलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण कादंबरीत ते प्रकरण तिने तसंच ठेवलंय.