नऊ शीर्षकं, बारा शब्द: लपलेले विषय शोधण्याच्या पद्धतीची पार्श्वभूमी

लेखांच्या ढिगातून विषय आपोआप वेगळे काढायची ‘लेटंट सिमँटिक ॲनालिसिस’ नावाची एक जुनी पद्धत आहे. शब्द आणि लेख यांचा तक्ता करायचा, ओळींचे स्तंभ करून उलटवलेल्या त्याच तक्त्याशी तो गुणायचा आणि गुणाकाराचे सर्वांत मोठे आयगेनव्हेक्टर काढायचे. आयगेनव्हेक्टर म्हणजे आकड्यांची अशी यादी, की तिला तक्त्याने गुणलं तरी आकड्यांचं आपसातलं प्रमाण बदलत नाही. ती जितक्या पटीने वाढते, ती तिची आयगेनकिंमत, आणि सर्वांत मोठा म्हणजे सर्वांत मोठ्या किमतीचा. आज हे काम संगणकावर दोन ओळींत होतं. त्यामागची कल्पना मात्र ग्रंथालयातून किंवा संगणकशास्त्रातून आलेली नाही. ती मुलांची बुद्धिमत्ता मोजणाऱ्या मानसशास्त्रज्ञांकडून आली, आणि हा उगम लक्षात घेतला की पद्धतीची ताकद आणि तिच्या मर्यादा दोन्ही नीट समजतात.

१९०४ साली चार्ल्स स्पिअरमन यांच्यासमोर विद्यार्थी आणि त्यांचे वेगवेगळ्या विषयांतले गुण असा तक्ता होता. एका विषयात पुढे असलेली मुलं बहुधा दुसऱ्यातही पुढे दिसत होती. यामागे प्रत्यक्ष मोजता न येणारा एक समान घटक असावा आणि तो गुणांच्या परस्परसंबंधांतून उलट शोधता यावा, असं त्यांनी मांडलं. १९३३ मध्ये हॅरल्ड हॉटेलिंग यांनी असे घटक एकामागून एक काढायची रीत दिली: सर्वांत मोठा आयगेनव्हेक्टर काढा, त्याचा वाटा तक्त्यातून वजा करा, मग पुढचा काढा. हा लेखही शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला होता. १९३६ मध्ये कार्ल एकर्ट आणि गेल यंग यांनी ‘सायकोमेट्रिका’ या नियतकालिकाच्या पहिल्याच वर्षात सिद्ध केलं, की मोजकेच घटक ठेवून मूळ तक्त्याच्या जास्तीत जास्त जवळ जायचं असेल, तर सर्वांत मोठे घटक ठेवणं हाच उत्तम मार्ग आहे. आपल्या पद्धतीचा सगळा गणिती पाया इथे तयार झाला होता.

विद्यार्थ्यांच्या जागी लेख आणि गुणांच्या जागी शब्द ठेवायचा प्रयोग १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हॅरल्ड बोर्को यांनी केला. तेही मानसशास्त्रज्ञच. मानसशास्त्रातल्या ६१८ लेखांचे गोषवारे घेऊन त्यांनी ९० निवडक शब्दांचे परस्परसंबंध काढले आणि त्यांतून घटक वेगळे केले. त्यांना लेखांचं वर्गीकरण करायचं होतं, शोध सुधारायचा नव्हता. त्या काळी ९० शब्दांचा तक्ता हेच संगणकाला मोठं काम होतं. पुढची जवळपास पंचवीस वर्षं ही वाट फारशी कोणी चाललं नाही.

ती पुन्हा उघडली बेलकोरमध्ये. अमेरिकेत १९८४ साली बेल टेलिफोनचं विभाजन झालं, त्यातून ही संशोधनसंस्था निघाली. तिथे जॉर्ज फर्नास, टॉमस लँडाउअर, सुझन ड्युमे आणि त्यांचे सहकारी एका साध्या प्रश्नामागे होते: संगणकाला हवी ती गोष्ट सांगताना लोक कोणता शब्द वापरतात? १९८७च्या त्यांच्या लेखातला निष्कर्ष असा, की दोन माणसांनी एकाच वस्तूला आपणहून एकच शब्द वापरण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. मग शब्द जुळवून शोधणाऱ्या यंत्रणेला कामाचे कितीतरी लेख सापडणारच नाहीत. यावर उपाय म्हणून त्यांनी घटक विश्लेषणाकडे मोर्चा वळवला. सोबतीला स्कॉट डिअरवेस्टर आणि कॅनडातले रिचर्ड हार्शमन आले. हार्शमन स्वतः मानसमापनातले होते, त्यामुळे जुनी परंपरा थेट या गटात पोचली. १९९० साली पाचही जणांचा लेख प्रसिद्ध झाला आणि ‘लेटंट सिमँटिक ॲनालिसिस’ हे नाव रूढ झालं.

त्या लेखातला छोटा तक्ता आजही हातांनी करून पाहण्याजोगा आहे. नऊ शीर्षकं आहेत. पाच माणूस-संगणक संवादावरची, त्यांना क१ ते क५ म्हणू. चार आलेख-गणितातली, ती ग१ ते ग४. किमान दोन शीर्षकांत आलेले महत्त्वाचे शब्दच घेतले आहेत, असे बारा: ह्यूमन, इंटरफेस, कॉम्प्युटर, युजर, सिस्टम, रिस्पॉन्स, टाइम, ईपीएस, सर्व्हे, ट्रीज, ग्राफ, मायनर्स. म्हणजे बारा ओळी, नऊ स्तंभांचा तक्ता A. बहुतेक आकडे ० किंवा १. फक्त क४ मध्ये ‘सिस्टम’ दोनदा आहे.

A चा उलटवलेला तक्ता A शी गुणला की नऊ गुणिले नऊचा चौकोन मिळतो. त्यातल्या प्रत्येक घरात त्या दोन शीर्षकांत किती शब्द सामाईक आहेत, याचा हिशोब असतो. क२ आणि क५ मध्ये युजर, रिस्पॉन्स, टाइम हे तीन शब्द समान, म्हणून तिथे ३. क१ आणि क५ मध्ये एकही समान नाही, म्हणून ०. आता क-गट आणि ग-गट यांच्यामधली वीस घरं पाहा. एकोणीस रिकामी आहेत. फक्त क२ आणि ग४ यांच्या घरात १ आहे, कारण दोन्हीकडे ‘सर्व्हे’ आहे. दोन विषयांना जोडणारा एवढाच धागा, तोही कुठल्याही विषयात येऊ शकेल अशा शब्दाचा.

पहिला आयगेनव्हेक्टर काढायला प्रत्येक शीर्षकाला १ देऊन सुरुवात करू आणि हा चौकोन त्या यादीवर पुन्हा पुन्हा चालवू. दर फेरीत प्रत्येक शीर्षक इतरांचे आकडे सामाईक शब्दांच्या प्रमाणात स्वतःत मिळवतं. पहिल्या फेरीनंतर क२ ला १५, क४ ला १२, ग३ ला ८ मिळतात. दुसऱ्या फेरीनंतर १७०, १४१, ५३. तिसरीनंतर १८९३, १६११, ३६८. ग३ आणि क२ यांचं गुणोत्तर बघत राहा: ०.५३, मग ०.३१, मग ०.१९. फेऱ्या वाढत जातात तसं ते ०.०४ च्या आसपास स्थिरावतं. गणिताचा गट मागे पडत जातो आणि पहिल्या व्हेक्टरमध्ये जवळपास फक्त क-गट उरतो. ‘सर्व्हे’ हा शब्द तक्त्यातून काढला असता, तर ग-गटाचं वजन अगदी शून्यावर गेलं असतं.

याच फेऱ्यांत पद्धतीचं मर्म आहे. क१ आणि क५ यांच्यात थेट शब्द सामाईक नाही. पण क१ चा ‘कॉम्प्युटर’ क२ मध्ये आहे आणि क२ चे तीन शब्द क५ मध्ये आहेत. चौकोन दुसऱ्यांदा चालवला की ही दोन टप्प्यांची वाटही मोजली जाते, तिसऱ्यांदा तीन टप्प्यांची. मोठे आयगेनव्हेक्टर म्हणजे अशा सगळ्या वाटांचा साठलेला हिशोब.

पहिल्याचा वाटा वजा करून दुसरा काढला की ग३ ला ०.६२, ग४ ला ०.५३, ग२ ला ०.४४, ग१ ला ०.१९ मिळतात. क-गटाचे आकडे लहान आहेत आणि काही उणे आहेत. हे दोनच घटक ठेवून मूळ तक्ता पुन्हा उभा केला, की शब्दांचे संबंध बदलतात. ‘ह्यूमन’ आणि ‘युजर’ एकाही शीर्षकात एकत्र नाहीत. मूळ तक्त्यात त्यांचा सहसंबंध उणे ०.३८ येतो. ‘ह्यूमन’ आणि ‘मायनर्स’ यांचा उणे ०.२९. म्हणजे कच्च्या तक्त्यावरून ‘ह्यूमन’चा खरा सोबती कोण, हे कळतच नाही. दोन घटकांवर उभारल्यावर पहिला ०.९४ होतो, दुसरा उणे ०.८३. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकं वाटतं ते हेच. ‘ह्यूमन कॉम्प्युटर इंटरॅक्शन’ असा शोध घेतला तर शब्द जुळवून क१, क२, क४ एवढेच मिळतात. इथे क३ आणि क५ सुद्धा जवळ येतात. ‘इंटरॅक्शन’ तक्त्यात नाही, त्यामुळे तो शब्द सोडून दिला जातो.

स्वतः करून पाहायचं असेल, तर त्या लेखातला तक्ता NumPy च्या A या ॲरेमध्ये भरून:

```
import numpy as np
w, V = np.linalg.eigh(A.T @ A)
print(w[::-1][:3])
print(V[:, ::-1][:, :2])
```

`eigh` लहान किंमत आधी देतं, म्हणून क्रम उलटावा लागतो. हे विसरलं तर हाती सर्वांत निरुपयोगी व्हेक्टर येतात आणि विषय गायब झालेले दिसतात. एखाद्या स्तंभातली सगळी चिन्हं उलट आली तर घाबरू नये. आयगेनव्हेक्टरची दिशा उलटली तरी उत्तर तेच असतं. मोठ्या तक्त्यांसाठी मात्र हा गुणाकार टाळतात, कारण त्यात लहान घटकांची अचूकता जाते. १९६५ मध्ये जीन गोलब आणि विल्यम कहान यांनी A वरच थेट काम करणारी रीत दिली, तीच पुढे रुळली.

आता मर्यादा. पहिल्या तीन आयगेनकिमती साधारण ११.१६, ६.४६ आणि ५.५४ आहेत. पहिल्या दोघींत भरपूर अंतर आहे, म्हणून पहिला विषय स्वच्छ निघाला. दुसरी आणि तिसरी जवळजवळ आहेत. तिसरा व्हेक्टर क-गटालाच आतून फोडतो: एका बाजूला क३, क४ म्हणजे सिस्टम आणि ईपीएस, दुसऱ्या बाजूला क२, क५ म्हणजे युजर आणि रिस्पॉन्स टाइम. ही फोड अर्थपूर्ण आहे, पण एखादं शीर्षक बदललं तर दुसरा आणि तिसरा एकमेकांत मिसळू शकतात. दोन विषय अगदी तुल्यबळ असतील तर पद्धत ते वेगळे न देता त्यांची बेरीज आणि वजाबाकी देते. त्यामुळे आयगेनकिमतींमधलं अंतर आधी पाहावं आणि विषयाला नाव नंतर द्यावं. दुसरी अडचण उणे आकड्यांची. मानसमापनात उणे वजन चालतं, पण एखाद्या विषयात अमुक शब्द उणे ०.१७ आहे म्हणजे काय, याला सरळ उत्तर नाही. आणि ही अडचण टळत नाही: पहिला व्हेक्टर सगळा धन असतो, बाकीचे त्याला काटकोनात असावे लागतात, म्हणून त्यांत दोन्ही चिन्हं येणारच.

१९९०च्या लेखातच खऱ्या संग्रहांवरचे निकालही आहेत. वैद्यकातल्या १०३३ गोषवाऱ्यांवर शंभर घटक ठेवून शब्दजुळणीपेक्षा सरासरी १३ टक्के सुधारणा मिळाली. ग्रंथालयशास्त्रातल्या १४६० लेखांवर काहीच फायदा झाला नाही, आणि लेखकांनी ते तसंच छापलं. नऊ शीर्षकांना दोन घटक पुरतात हे आपल्याला आधीच माहीत असतं. खऱ्या संग्रहाला किती लागतील, हे त्यांनी प्रयोगानेच ठरवलं. १९९९ मध्ये टॉमस हॉफमन यांनी घटकांच्या जागी शक्यता ठेवल्या. त्याच वर्षी डॅनियल ली आणि सेबॅस्टियन सुंग यांनी फक्त धन आकड्यांत तक्ता फोडायची रीत प्रचारात आणली. दोन्हींनी उणे वजनांचा प्रश्न सोडवला, घटक किती ठेवायचे हा प्रश्न मात्र तसाच राहिला.