सर्वात लवकर सूर्यास्त २१ डिसेंबरला नसतो

“२१ डिसेंबर सर्वात लहान दिवस, मग सूर्य त्याच दिवशी सर्वात उशिरा उगवतो आणि सर्वात लवकर मावळतो ना?”

नाही. कोल्हापुरात सर्वात लवकर सूर्यास्त २३ नोव्हेंबरच्या आसपास, साधारण ५:५८ ला होतो. २१ डिसेंबरला रंकाळ्यावर सूर्य ६:०५ ला मावळतो.

कारण खरी मध्यान्हच, म्हणजे सूर्य सर्वात उंच असण्याची वेळच, सरकते. पृथ्वीचा कललेला अक्ष आणि जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याजवळ आल्याने वाढलेला तिचा वेग, यांमुळे डिसेंबरअखेरीस एका मध्यान्हीपासून दुसरीपर्यंत २४ तासांहून सुमारे अर्धा मिनिट जास्त लागतो. २३ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर या काळात कोल्हापुरात मध्यान्ह १२:१९ वरून १२:३१ वर जाते. दुपारनंतरचा प्रकाश मात्र चारच मिनिटांनी घटतो. म्हणून सूर्यास्त पुढे जातो. मध्यान्ह पुढेही सरकत राहते, त्यामुळे सर्वात उशिराचा सूर्योदय, ७:०५ च्या सुमारास, थेट जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येतो.